बासष्ट की पासष्ट : कोजागिरीच्या हाउजीसाठी मराठी यमकं लिहिताना

गेल्या वर्षीच्या कोजागिरीला आमच्या सोसायटीच्या गच्चीवर हाउजी झाली तेव्हा माइक माझ्या हातात होता. ‘टू फॅट लेडीज’ आणि ‘लेग्ज इलेव्हन’ ऐकून सगळे कंटाळले होते, म्हणून त्या वर्षी आकडे मराठी यमकांत पुकारायचे असं सांस्कृतिक समितीत ठरलं आणि काम माझ्याकडे आलं. मी आठवडाभर बसून नव्वद आकड्यांची नव्वद यमकं लिहिली. लोक हसले, मुलांनी टाळ्या वाजवल्या. पण तिसऱ्या मजल्यावरच्या आजींची मधली ओळ पूर्ण झाली, त्या तिकीट उंचावत पुढे आल्या आणि तपासताना त्यात पासष्टवर काट मारलेली निघाली. पासष्ट तोवर आलाच नव्हता, आला होता बासष्ट. नियमाप्रमाणे बोगी झाली आणि त्यांचं तिकीट बाद.

आजी काही बोलल्या नाहीत, जागेवर जाऊन दूध पीत बसल्या. मी घरी येऊन वही उघडली. बासष्टसाठी मी लिहिलं होतं, ‘संसार म्हणजे कष्टच कष्ट, बासष्ट’. पासष्टसाठी लिहिलं होतं, ‘आईचे कुणाला दिसतात कष्ट, पासष्ट’. दोन्ही ओळी वाचायला बऱ्या वाटतात, पण गच्चीवर, वाऱ्यात, माइक खरखरत असताना त्यांतला फरक फक्त ब आणि प एवढाच उरतो. चूक आजींच्या कानांची नव्हती, माझ्या ओळींची होती. या वर्षी तीच वही पुन्हा लिहिताना जे समजत गेलं, ते इथे मांडते.

मराठी आकड्यांची घडण ऐकताना उलटी असते. लिहिताना दशक आधी आणि एकक नंतर, बोलताना एकक आधी आणि दशक नंतर. पासष्टमधला ‘पा’ म्हणजे पाच, ‘सष्ट’ म्हणजे साठ. आता शेवटी यमक जुळवायचं म्हटलं की ते कशाशी जुळणार? दशकाशीच. कष्ट, स्पष्ट, नष्ट यांपैकी काहीही घ्या, ते एकसष्टपासून अडुसष्टपर्यंत आठही आकड्यांना सारखंच बसतं. म्हणजे यमक ऐकणाऱ्याला साठीच्या घरात नेऊन सोडतं आणि तिथे आठ दारांपुढे उभं करतं.

हाउजीच्या तिकिटाशी हे गंमतशीर जुळतं. तिकिटात तीन ओळी आणि नऊ रकाने असतात. पहिल्या रकान्यात १ ते ९, दुसऱ्यात १० ते १९, असं करत शेवटच्यात ८० ते ९०. आकडे एकूण पंधरा, प्रत्येक ओळीत पाच. म्हणजे रकाना म्हणजेच दशक. यमक आधी ऐकू आलं की खेळणाऱ्याची नजर बरोबर त्या रकान्यावर जाऊन थांबते, आणि हे काम यमक उत्तम करतं. पण रकान्यातला नेमका आकडा सांगणारं अक्षर शब्दाच्या सुरुवातीला असतं, तिथे यमकाचा काही उपयोग नाही. तिथे लागतो अनुप्रास. ओळीतले शब्द आकड्याच्या पहिल्या अक्षराने सुरू झाले, तर आकडा येण्याआधीच कान त्या अक्षरावर स्थिरावतो.

म्हणून या वर्षी दोन्ही ओळी नव्याने लिहिल्या :

बाजारहाट, बसचे कष्ट,
बाकावर बसा, बासष्ट!

पंप पडला, पाण्याचे कष्ट,
पायऱ्या चढा, पासष्ट!

शेवटी कष्टच ठेवले, कारण त्याने नजर साठीच्या रकान्यात जाते. पण पहिल्या ओळीत बबबब आणि दुसरीत पपपप. एखाद्याला शेवटचा शब्द ऐकूच आला नाही, तरी आधी चार वेळा ऐकलेलं अक्षर त्याच्या कानात असतं. आणि पंप बंद पडण्याचा अनुभव आमच्या इमारतीत सगळ्यांनाच आहे, त्यामुळे ती ओळ आली की गच्चीभर एकच ओरडा होतो.

लेकाने आणखी एक अडचण दाखवली. तो सातवीत आहे, इंग्रजी माध्यमात. सहासष्ट आणि सदुसष्ट त्याला एकच वाटतात. दोन्ही ‘स’ने सुरू होतात, त्यामुळे नुसत्या पहिल्या अक्षराचा अनुप्रास इथे कामाचा नाही. दोन अक्षरं धरावी लागतात. मग सहासष्टला ‘सहा पोरांच्या आईचे कष्ट’ आणि सदुसष्टला ‘सदा न् कदा नशिबी कष्ट’ असं केलं. ‘सहा’वरून सहासष्ट, ‘सदा’वरून सदुसष्ट. इथे एक सावधगिरी सांगते. अनुप्रास आकड्याच्या उच्चारावरून घ्यायचा, एककाच्या नावावरून नाही. सहा हा अंक सव्वीसमध्ये ‘स’ असतो, छत्तीसमध्ये ‘छ’ होतो, सेहेचाळीसमध्ये ‘से’ आणि शहात्तरमध्ये ‘श’. सहा म्हणजे ‘स’ असं गृहीत धरून मी छप्पन्नची ओळ ‘स’वर रचली होती, ती पूर्ण वाया गेली.

खरी कसोटी पुढे होती. वही चाळताना लक्षात आलं की एकोणीसपासून अठ्ठेचाळीसपर्यंतचे सगळे आकडे ‘ईस’ने संपतात. वीस, तीस, चाळीस आणि त्यांची सगळी पोरंबाळं. मोजले तर बरोबर तीस आकडे, म्हणजे नव्वदांतला तिसरा हिस्सा. इथे यमक रकानासुद्धा सांगत नाही. ‘ईस’ ऐकून माणूस दहाच्या रकान्यापासून चाळीसच्या रकान्यापर्यंत शोधत बसतो. एकवीस आणि एकतीस तर अनुप्रासानेही सुटत नाहीत, दोन्हींची सुरुवात ‘एक’नेच होते.

उपाय असा की यमक एका अक्षराचं न घेता दोन अक्षरांचं घ्यायचं. वीसच्या घराला ‘वीस’, तीसच्या घराला ‘तीस’, चाळीसच्या घराला ‘आळीस’. असे शब्द कुठून आणायचे म्हणून दोन दिवस अडले होते. सासूबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या, ‘अगं, जुन्या बायका बोलायच्या तसं बोल ना. देवीस साडी, दिवाळीस फराळ.’ तिथे कुलूप उघडलं. चतुर्थीचा ‘स’ प्रत्यय! चव, देवी, कवी यांना तो लावला की चवीस, देवीस, कवीस. आरती, गणपती, शेती यांना लावला की आरतीस, गणपतीस, शेतीस. दिवाळी, थाळी, टाळी यांना लावला की दिवाळीस, थाळीस, टाळीस. हे जरा जुन्या वळणाचं मराठी आहे, पण कोड्या-उखाण्यांची भाषा तशीच असते, त्यामुळे कानाला खटकत नाही. मग तीन ओळी अशा झाल्या :

एकच मोदक जास्त चवीस, एकवीस!
एक टाळ उशिरा आला आरतीस, एकतीस!
एक करंजी उरली दिवाळीस, एकेचाळीस!

तिन्ही ‘एक’ने सुरू होतात, कारण आकडेही तसेच आहेत. पण शेवट आता तीन वेगवेगळ्या रकान्यांत नेतो. सबंध वहीत मला सगळ्यांत आवडणाऱ्या ओळी याच आहेत.

यावरून एक जुना वाद आठवला. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीस ऐवजी ‘वीस एक’ अशी वाचनपद्धत आली आणि तिच्यावरून राज्यभर बरंच बोललं गेलं. मुलांना शिकायला काय सोपं, ते शिक्षकांनी ठरवावं. पण यमक लिहिणारी म्हणून सांगते, एकवीस या जुन्या उच्चारात एकक पुढे असल्यामुळेच अनुप्रासाला पकड मिळते आणि दशक मागे असल्यामुळेच यमकाला.

आता ‘एकोण’ची मंडळी. एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास आणि पुढे एकोणनव्वदपर्यंत. असे आठ आकडे आहेत आणि गेल्या वर्षी सर्वांत जास्त गोंधळ त्यांच्यावरच झाला. कारण साधं आहे. एकोणपन्नास ऐकलं की कान ‘पन्नास’ पकडतो, नजर पन्नाशीच्या रकान्यात जाते, आणि ४९ तर चाळीसच्या रकान्यात बसलेला असतो. इथे चांगलं यमक उलट फसवतं. पन्नासशी जितकं घट्ट जुळवाल, तितका माणूस चुकीच्या रकान्यात जास्त वेळ अडकतो. म्हणून या आठ ओळींत ‘एक कमी’ हा अर्थ उघडपणे सांगायचा, तोही यमकाच्या आधी, असं ठरवलं.

एक धाव हुकली, अर्धशतकाचा ध्यास, एकोणपन्नास!
साठीला एक वर्ष, कंबर अजून ताठ, एकोणसाठ!
चाळिशी लागेल पुढच्या दिवाळीस, आज एकोणचाळीस!

शेवटच्या ओळीतली चाळिशी म्हणजे वयही आणि चष्माही. चष्मा कपाळावर ठेवून तिकीट शोधणारे दोन-तीन जण प्रत्येक गच्चीवर असतातच, त्यांना ती ओळ लगेच पोचते. पण मोठ्या माणसांना पोचतं ते मुलांना पोचतंच असं नाही. लीप वर्षातल्या फेब्रुवारीवरून एकोणतीस लेकाने लगेच ओळखला. चौसष्ट कला त्याला माहीत नव्हत्या. बावन्न पत्ते माहीत होते, छत्तीसचा आकडा नव्हता. आणि छत्तीसचं कारण समजावून सांगावं तर ते देवनागरी ३६ मध्ये दिसतं, तिकिटावर छापलेले असतात इंग्रजी अंक. त्यामुळे नुसत्या संदर्भावर उभी असलेली ओळ मी ठेवली नाही. संदर्भ आहे तिथे ध्वनीही हवा. ‘छान सजलं ताट, देव प्रसन्न, छप्पन्न!’ यात छप्पन्न भोग ज्याला ठाऊक आहेत त्याला ते सापडतात, ज्याला ठाऊक नाहीत त्याला ‘छ’ आणि ‘अन्न’ पुरतात.

छापलेल्या अंकांचा एके ठिकाणी मात्र फायदा झाला. ८८ साठी ‘टू फॅट लेडीज’चं मराठी करा, असा आग्रह होता. ते मला करायचं नव्हतं. माइकवरून कुणाच्या शरीरावर बोलायचं आणि समोर बसलेल्या दोघीतिघींनी ओशाळून हसायचं, हे नको. वर ऐंशीच्या घराला यमक मिळणंही कठीण. म्हैशी आणि कैशीच्या पुढे मी जात नव्हते. तिकिटावरचा इंग्रजी आठ नीट पाहिला तर तो डमरूसारखा दिसतो. आणि ‘शी’ प्रत्यय लावला की यमकांची रांग लागते : शेजाऱ्यांशी, नातवंडांशी, एकमेकांशी. मग झालं, ‘दोन डमरू बोलती एकमेकांशी, अठ्ठ्याऐंशी!’ एकोणऐंशीला, ‘ऐंशीला एक कमी, आजी पत्ते खेळते नातवंडांशी, एकोणऐंशी!’

पहिल्या रकान्याला फार कष्ट पडले नाहीत. एक-केक, दोन-फोन, पाच-नाच, सात-भात ही यमकं मुलंसुद्धा करतात. फक्त सहा आणि दहा दोन्ही ‘चहा’शी जुळतात, तिथे पुन्हा अनुप्रास कामाला लावला. ‘सुंठ घालून सांजचा चहा, सगळ्यांना पुरतील कप सहा’ आणि ‘दूध दुप्पट, दाट चहा, दारात पाहुणे आले दहा’. एकात ‘स’, दुसऱ्यात ‘द’.

सगळ्या ओळी लिहून झाल्यावर घरीच चाचणी घेतली. स्वयंपाकघरात मिक्सर चालू, बाहेरच्या खोलीत सासूबाई आणि लेक. मी आकडा सोडून बाकीची ओळ म्हणायची आणि त्यांनी आकडा ओळखून कागदावर लिहायचा. दोघांचं उत्तर बरोबर आलं तर ओळ पास. एकाचंच आलं तर ती पुन्हा लिहायची. पहिल्या फेरीत नव्वदांपैकी एकतीस ओळी पडल्या, त्यांतल्या बऱ्याचशा सत्तरीच्या घरातल्या होत्या. बहात्तर आणि शहात्तर यांच्या ओळी मिक्सरच्या आवाजात सारख्याच ऐकू येत होत्या. ‘बकुळीचं बाटलीत अत्तर’ आणि ‘शहाण्या मुलाचं शेवटचं उत्तर’ असं केल्यावर त्या वेगळ्या झाल्या. दुसऱ्या फेरीनंतरही सहा ओळी उरल्या. त्यांत अडुसष्ट होता, आणि नव्वद होता. नव्वदला मला यमक सापडलंच नाही. त्याला ‘शेवटचं दार, वरचं घर’ एवढंच ठेवलं. त्याच्यासारखा ऐकू येणारा एकोणनव्वद तेवढा, आणि त्याच्या ओळीत ‘एक कमी’ आधीच येतं, त्यामुळे नव्वदला मदतीची गरजही कमी.

आणखी एक गोष्ट लांबीची. गेल्या वर्षी काही यमकं चार-चार ओळींची होती आणि एका आकड्याला वीस-वीस सेकंद जात होते. लोक पुढच्या आकड्याची वाट बघत चुळबुळ करायचे. या वर्षी हिशोब बांधला. ओळीला पाच सेकंद, आकडा आणि त्याचे सुटे अंक सांगायला तीन, आणि नंतर चार सेकंद गप्प. ही शांतता सोडायची नाही. लोक शोधतात आणि काट मारतात ते तेव्हाच. सुटे अंक म्हणजे ‘पासष्ट, सहा-पाच’. आकडे इंग्रजीतही म्हणा, अशी मागणी होती. पण सदुसष्ट न कळणाऱ्या मुलालाही सहा आणि सात कळतात. इंग्रजीची गरज पडली नाही.

वहीची मांडणीही बदलली. पिशवीतून सोंगटी काढल्यावर तिची ओळ शोधण्यात वेळ गेला तर सगळी लय जाते. म्हणून दशकाला एक पान, पानाच्या कडेला रंगीत पट्टी, आणि पानावर एकक क्रमाने. सोंगटी काढायला शेजारच्या काकू बसल्या, मी फक्त वाचत होते.

या कोजागिरीला शंभराच्या आसपास तिकिटं होती. फुल हाउस सदुसष्टाव्या आकड्याला गेलं. बोगी एकच झाली, आणि तीही मी न धरलेल्या कारणाने. चौथ्या-पाचव्या आकड्यापासूनच मुलं यमक ऐकताच आकडा ओरडू लागली. तो खेळ छान होता. पण ‘दूध दुप्पट, दाट चहा’ म्हटल्याबरोबर पुढच्या रांगेतली दहा-बारा पोरं एका सुरात ‘सहा!’ ओरडली, आणि मागे बसलेल्या एका काकांनी माझ्या आवाजावर नाही, त्यांच्या आवाजावर काट मारली. अनुप्रास ओळीत होता, पण मुलांनी तो पुरता ऐकलाच नाही, ‘चहा’वरच उडी घेतली. घरच्या चाचणीत दोघेच होते आणि दोघंही शांतपणे शेवटपर्यंत ऐकत होते. ओरडणारी गर्दी मी धरलीच नव्हती. पुढच्या फेरीपासून ओरड थांबेपर्यंत मी आकडा म्हटला नाही, आणि म्हटला की सुटे अंक दोनदा म्हटले. त्या काकांचं तिकीट सगळ्यांना विचारून परत खेळात घेतलं. सहा आणि दहा यांतल्या एकाचं यमक मात्र बदलायलाच हवं. दहासाठी ‘पहा’ की ‘रहा’, ते अजून ठरलेलं नाही.

तिसऱ्या मजल्यावरच्या आजी पहिल्याच रांगेत बसल्या होत्या. पासष्ट आला तेव्हा मी ‘पंप पडला’ म्हणताच त्यांनी पेन टेकवलं आणि आकड्याची वाट न बघता माझ्याकडे बघून मान हलवली. त्यांना बक्षीस मिळालं नाही, चार कोपऱ्यांतला एक शेवटपर्यंत राहिला.

खाली उतरताना लिफ्ट बंद होती. जिन्यात दुसरीतली एक मुलगी आईचा हात धरून पायऱ्या मोजत होती. मी मागून येतेय हे बघून थांबली आणि म्हणाली, ‘मावशी, अडली लिफ्ट, जिन्याचे कष्ट, अडुसष्ट!’ मी वही तिथेच पायरीवर उघडली, साठीच्या पानावरची माझी ओळ खोडली आणि तिची लिहून घेतली.